चघळायची की गिळायची

"ताई, सर्दी झाली की झिंकची गोळी घेतली तर लवकर बरं वाटतं का हो? आणि चघळायचीच का? पाण्यासोबत गिळली तर नाही का चालत?"

परभणीत माझं मेडिकलचं दुकान आहे. थंडी सुरू झाली की हा प्रश्न काउंटरवर रोज येतो, पण मागच्या डिसेंबरात आलेल्या एका काकांमुळे मला तो नीट उलगडून सांगावासा वाटला. त्यांच्या मुलानं अमेरिकेहून चघळायच्या झिंकच्या गोळ्यांची बाटली पाठवली होती. काकांनी दिवसाला सहा याप्रमाणे पाच दिवस घेतल्या, सर्दी मात्र आठ दिवस राहिली. "हे सगळं थोतांड आहे का?" त्यांनी बाटली माझ्यासमोर ठेवत विचारलं.

मी आधी लेबल वाचलं. एका गोळीत 10 मिलीग्रॅम झिंक, म्हणजे सहा गोळ्यांचं 60. घटकांच्या यादीत सायट्रिक ॲसिड होतं, लिंबाची चव यावी म्हणून घातलेलं. मग विचारलं, पहिली गोळी कधी घेतली? "शिंका सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी. आधी काढा पिऊन पाहिला." आणि गोळी तोंडात किती वेळ ठेवायचे? काका म्हणाले, दोन-तीन मिनिटं, मग चावून पाण्यासोबत गिळायची, कारण चव तुरट लागते. गोळी का लागू पडली नसावी, हे या चार गोष्टींत बरंचसं आलं.

झिंक शरीरात दोन अगदी वेगळ्या मार्गांनी येतं आणि आपण ते एकच समजतो. पहिला मार्ग पोटाचा. गिळलेलं झिंक लहान आतड्यात शोषलं जातं, रक्तात उतरतं आणि पेशींपर्यंत पोचतं. आपल्या टी-पेशी, म्हणजे विषाणूला ओळखून प्रतिकार उभा करणाऱ्या पांढऱ्या पेशी, झिंकशिवाय नीट जाग्या होत नाहीत. या पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-4 किंवा सीडी-8 नावाचं प्रथिन असतं, आणि आतल्या बाजूला एलसीके नावाचं दुसरं. बाहेर शत्रू दिसला ही खबर आत द्यायची तर या दोघांनी एकमेकांना धरून राहावं लागतं, आणि ती पकड झिंकच्या एका अणूनं बसते, साडीची घडी पिनेनं धरून ठेवावी तशी. झिंक कमी पडलं तर खबर अडखळते. शिवाय या पेशी जिथे तयार होऊन शिकतात त्या थायमस ग्रंथीचं थायम्युलिन हे संप्रेरक झिंक जोडलेलं असेल तरच काम करतं.

हे माणसाच्या लक्षात आलं ते आनंद प्रसाद या बिहारमध्ये जन्मलेल्या डॉक्टरांमुळे. 1958 मध्ये इराणच्या शिराझमध्ये त्यांच्यासमोर 21 वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांचा. खाणं म्हणजे बिनचाळल्या पिठाची रोटी, मांस जवळजवळ नाही, आणि माती खायची सवय. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांवर काम करून त्यांनी झिंकची कमतरता दाखवून दिली. ही मुलं वाढायची नाहीत आणि कसल्या ना कसल्या जंतुसंसर्गानं तरुणपणीच दगावायची.

हे वाचलं तेव्हा मला आपली ज्वारीची भाकरी आठवली. धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं, ते झिंकला घट्ट बांधून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं, म्हणून आंबील ही नुसती चवीची गोष्ट नाही. आपल्या काळ्या जमिनीतही झिंक कमी, शेतकरी झिंक सल्फेट टाकतात ते उगाच नाही. आपल्याच कृषी विद्यापीठानं 2018 साली परभणी शक्ती हे ज्वारीचं वाण आणलं, त्यात लोह आणि झिंक जास्त आहे. ज्याच्या अंगात झिंक खरोखर कमी आहे, त्याला पोटातून मिळालेल्या झिंकचा फायदा होतो. लहान मुलांच्या हगवणीत ओआरएसबरोबर दहा ते चौदा दिवस झिंक देतात ते यासाठीच.

पण सर्दी झाल्यावर गिळलेल्या गोळीनं त्याच दिवशी टी-पेशींना बळ येत नाही. शरीर रक्तातलं झिंक एका मापात धरून ठेवतं. चघळायच्या गोळीचा विचार मुळातच वेगळा आहे. सर्दीचे बहुतेक विषाणू, त्यातही ऱ्हायनोव्हायरस, नाकाघशाच्या आतल्या अस्तरात वाढतात. 1974 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की झिंकचे आयन या विषाणूची वाढ रोखतात. मग तोंडात झिंक सोडलं तर? हा विचार टेक्सासच्या जॉर्ज एबी यांना सुचला तो त्यांच्या रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलीमुळे. तिनं झिंकची गोळी गिळण्याऐवजी चोखली आणि तिची सर्दी झपाट्यानं गेली. 1984 मध्ये त्यांनी चाचणी छापली. एका गोळीत 23 मिलीग्रॅम झिंक, जागेपणी दर दोन तासांनी एक. सातव्या दिवशी झिंक घेणाऱ्यांपैकी 86 टक्के मोकळे झाले होते, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 46 टक्के. माझी शंका चवीबद्दलची आहे. झिंकची चव इतकी ओळखीची की आपल्याला खरी गोळी मिळाली हे रुग्णाला कळू शकतं, आणि ज्याला कळलं तो लवकर बरं वाटतंय असं सांगू शकतो.

पुढच्या चाचण्या उलटसुलट आल्या. त्या शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा एक धागा दिसला. रोजचं झिंक 75 मिलीग्रॅमपेक्षा कमी असलेल्या चाचण्यांत फरक पडला नाही, जास्त असलेल्या अनेकांत पडला. सायट्रिक ॲसिडसारखं काही मिसळलं असेल तर ते झिंकला बांधून ठेवतं आणि मोकळे आयन घशाला मिळत नाहीत. काकांच्या गोळ्या दोन्ही कसोट्यांवर कमी पडल्या. चावून गिळल्यामुळे घशाला मिळाला तो वेळही तोकडाच, आणि हे सगळं 24 तासांच्या आत सुरू करायचं असतं.

मात्र सगळं बरोबर केलं म्हणून खात्री नाही. 2020 मध्ये हेलसिंकीतली रोज 78 मिलीग्रॅमची चाचणी छापून आली, झिंक ॲसिटेटची, आणि लाभ दिसला नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2024 च्या आढाव्याचं म्हणणं असं की सुरू झालेली सर्दी दोनेक दिवसांनी कमी होऊ शकते, पण पुराव्याची खात्री कमी आहे, आणि सर्दी होऊच नये म्हणून घेऊन उपयोग दिसत नाही.

लेबल वाचताना एक फसगत टाळा. "झिंक ग्लुकोनेट 70 मिलीग्रॅम" म्हणजे झिंक 70 नव्हे. ग्लुकोनेटमध्ये झिंक सातवा हिस्सा असतं, म्हणजे 10 मिलीग्रॅम. पाहायचं ते मूळ झिंकचं प्रमाण.

काकांनी शेवटी विचारलं, राहिलेल्या गोळ्या हिवाळाभर रोज घेऊ का? मी नाही म्हटलं. एवढ्या मात्रेनं मळमळ होते, तोंडाची चव जाते, आणि महिनोन्‌महिने घेतलं तर झिंक तांब्याचं शोषण अडवतं, त्यातून रक्त कमी होऊ शकतं आणि हातपायही बधिर होऊ शकतात. त्यांना त्या आठवड्यात डॉक्सीसायक्लिनही लिहून दिलेलं होतं. झिंक या गटातल्या अँटिबायोटिकांना पोटात बांधू शकतं, म्हणून खबरदारी म्हणून ते झिंकच्या किमान दोन तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायला सांगितलं. आणि नाकात घालायचं झिंकचं जेल मिळालं तर मात्र अजिबात वापरू नका म्हटलं, कारण त्यानं वास कायमचा गेल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2009 मध्ये लोकांना ते वापरू नका असं बजावलं होतं. काकांनी बाटली पिशवीत ठेवली आणि विचारलं, "मग पुढच्या सर्दीला पहिल्या दिवशी येऊ का?" मी म्हटलं, या, आणि बाटली सोबत आणा.