झिणझिण्या आमच्या मशीनला, गळती वरच्या मजल्यावर

"वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात गं," आई पावसाळ्यात दोनदा म्हणाली. मला काहीच जाणवत नव्हतं, कारण माझ्या पायात रबरी चप्पल असायची आणि आई ओल्या लादीवर अनवाणी.

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, घरी मल्टिमीटर असतो. संध्याकाळी मशीन चालू ठेवून बॉडी आणि न्यूट्रलमध्ये मोजलं, तर 108 व्होल्ट. म्हणजे 230 च्या निम्म्याच्या आसपास. मशीनच्या आत विजेतला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजवरून बॉडीला, दुसरा न्यूट्रलवरून बॉडीला. अर्थिंग नसलं की बॉडी या दोघांच्या मधोमध लटकते. त्यातून येणारा करंट सहसा एक मिलिअँपिअरच्याही आत, म्हणजे झिणझिण्यांपुरता. मशीन बिघडलेलं नव्हतं, अर्थिंग मेलं होतं. खात्रीसाठी 100 वॉटचा बल्ब सॉकेटमधल्या फेज आणि अर्थला जोडला, तो पेटला नाही. फेज आणि न्यूट्रलला लख्ख पेटला.

वायरमन म्हणाले, "ताई, सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थ जोडून देतो, लगेच थांबेल." थांबलं असतं हे खरं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर मशीनमधून आलेला फेज त्याच तुकड्यावाटे बॉडीवर उतरतो, पूर्ण 230 व्होल्ट. मी त्यांना ते करू दिलं नाही.

मग आई म्हणाली, "सकाळी फार जोरात येतात." या वाक्याने माझा सगळा हिशेब मोडला. फिल्टरचं काम दिवसभर सारखंच चालतं. दुसऱ्या दिवशी सहा वाजता मोजलं, तर 204 व्होल्ट! मशीनचा प्लग काढून नुसत्या सॉकेटच्या अर्थ पिनवर मोजलं, तरी तेवढेच. म्हणजे व्होल्टेज आमच्या मशीनमधून नव्हे, बाहेरून अर्थच्या हिरव्या वायरने येत होतं. त्या दिवसापासून आईला मशीनला हात लावू दिला नाही.

मीटररूममध्ये उत्तर मिळालं. सगळ्या फ्लॅटच्या अर्थच्या वायरी एका पट्टीवर येत होत्या, आणि तिथून अर्थिंगच्या खड्ड्यात जाणारी जस्त चढवलेली लोखंडी पट्टी जमिनीलगत गंजून तुटली होती. जमिनीत जायला वाट नाही, पण घराघरांना जोडणारी वायर मात्र शाबूत. एकाकडची गळती सगळ्यांच्या फ्रिज-मशीनवर पोचत होती. सकाळी एकेका फ्लॅटचा मेन बंद करत गेलो. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मेन पाडताच आकडा झपकन खाली आला. त्यांच्या गीझरच्या एलिमेंटचं आवरण तडकलं होतं, आणि त्याच नळाखाली त्या रोज आंघोळ करत होत्या.

एलिमेंट बदललं. सोसायटीने नवा अर्थिंगचा खड्डा घेतला, अर्थ टेस्टरवर 2.8 ओहम आले. दोन्ही घरांत गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. आता तोच बल्ब फेज-अर्थला लावला, तर पेटायच्या आत आरसीसीबी पडते, आणि मशीनच्या बॉडीवर मीटर 1 व्होल्ट दाखवतो.