तुम्ही विचारलंत म्हणून: मध्येच सुटलेल्या कामाचे पैसे

‘क्लायंटनं काम मध्येच सोडलं तर पैसे कसे मिळवता? भांडता का?’

भांडायची वेळ क्वचित येते. मी जळगावात पॅकेजिंगची डिझाइनं करतो, आणि ‘काम रद्द’ असं तोंडानं म्हणणारे क्लायंट आमच्याकडे फार थोडे. बाकीचे गप्प होतात. आधी लग्नसराई, मग केळीची कापणी, मग ‘थांब ना भो जरा’. काम मध्येच सुटलं तर न झालेल्या भागापोटी घ्यायची ठरीव रक्कम म्हणजे किल फी. कोटेशनमध्ये तिच्याही आधी मी एक अट लिहितो: कच्चं डिझाइन पाठवल्यावर 21 दिवसांत उत्तर आलं नाही आणि नंतरच्या लेखी आठवणीलाही 7 दिवस उत्तर नाही, तर क्लायंटनं काम रद्द केलं असं धरलं जाईल. ही अट नसेल, तर किल फी लागू व्हायचा दिवसच उजाडत नाही.

सावद्याकडच्या एका केळी वेफर्सवाल्यांचं काम 40,000 ला ठरलं होतं. सुरुवातीला 12,000, कच्ची डिझाइनं दिल्यावर 16,000, फायनल फाइल देताना 12,000. कच्ची डिझाइनं गेली आणि भागीदारांचं आपसात बिनसलं. मुदती संपल्यावर मी बिल पाठवलं: झालेल्या टप्प्याचे 16,000, शिवाय किल फी म्हणून न झालेल्या टप्प्याचे 25 टक्के, म्हणजे 3,000. एकूण 19,000, अ‍ॅडव्हान्स परत नाही. त्यांचा फोन आला, ‘दादा, जे केलंच नाही त्याचे तीन हजार कशाचे?’ प्रश्न रास्त होता. म्हटलं, तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या दिवसांत दुसरं काम घेतलं नव्हतं, त्याचे. थोडी कुरकुर झाली, पण दोन हप्त्यांत पैसे आले.

25 च का, पूर्ण 100 टक्के का नाही, असं काहीजण विचारतात. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. दंडासारखा आकडा लिहिला तर तो छाटला जाण्याचीच शक्यता जास्त. बुडालेल्या वेळेशी मेळ बसणारा आकडा मात्र समजावून सांगता येतो, कोर्टातही आणि फोनवरही.

दुसरा आधार हक्कांचा. फ्रीलान्सरच्या डिझाइनचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच असतो, आणि 1957 च्या कायद्याप्रमाणे तो दुसऱ्याच्या नावे करायला सहीचा लेखी कागद लागतो. मी तो कागद पूर्ण पैसे आल्यावरच देतो, आणि कोटेशनमध्ये तसं लिहितो. तोवर वॉटरमार्क टाकलेल्या, कमी रिझोल्यूशनच्या फाइलच पाठवतो. तीच चित्रं पुढे बाजारातल्या पाकिटांवर दिसली, तर बोलायला जागा राहते.

‘आपलं घरचंच काम, कागद कशाला’ म्हणणाऱ्यांना मी स्टॅम्प पेपर मागत नाही. कोटेशन ईमेल करतो आणि ‘मान्य आहे’ एवढं उत्तर मागतो. पण 19,000 साठी कोर्टात जाणं परवडत नाही, हेही खरंच. म्हणून अनोळखी क्लायंटकडून मी अ‍ॅडव्हान्स 30 नाही, 50 टक्के घेतो.