एसओपीतला कुठला विनोद ठेवला, कुठला काढला

अमेरिकेतल्या पीएचडीच्या अर्जात आपण ज्याला सरसकट एसओपी म्हणतो, ते काही विद्यापीठांत दोन वेगळे निबंध असतात. बर्कली आणि मिशिगन ही त्यातली आपल्या मुलांच्या यादीत हमखास असणारी नावं. पहिला स्टेटमेंट ऑफ पर्पज: तुम्हाला कोणत्या प्रश्नावर काम करायचंय आणि त्यासाठी आजवर काय केलंत. दुसरा पर्सनल स्टेटमेंट: तुम्ही कुठून आलात, इथवर कसे पोहोचलात. मी २०२२च्या डिसेंबरातल्या डेडलाइन गाठण्यासाठी पर्यावरण अभियांत्रिकीचे अर्ज भरत होते. विषय, शहराच्या पाणीपुरवठ्याचं पाइपांचं जाळं. आणि मी लातूरची. म्हणजे पाण्यावरचे विनोद आमच्याकडे पाण्यापेक्षा मुबलक.

ते निबंधात वापरायचे का, यावर मला दोन टोकांचे सल्ले मिळाले. कॉलेजातल्या सरांचं म्हणणं, विनोद वगैरे काही नको, सरळ प्रोजेक्ट लिही. इंटरनेटवर मात्र सगळीकडे एकच सूर: तुमचं व्यक्तिमत्त्व दिसलं पाहिजे, पहिल्या वाक्यात वाचकाला पकडा. दोन्ही सल्ले अर्धे होते असं मला आता वाटतं. विनोद चांगला आहे की नाही यापेक्षा तो कुठल्या जागी बसलाय आणि त्या जागी वाचक काय शोधत असतो, यावर सगळं ठरतं.

माझ्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात रेल्वेने होती. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, ‘जलदूत’. पहिल्या फेरीला दहा टँकर वाघिणी, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर. मी लिहिलं होतं की आमच्या गावात पाणीसुद्धा रिझर्वेशन करून रेल्वेने येतं. आपल्याकडे कुणालाही यावर हसू येईल, कारण त्यामागचं सगळं आपल्याला ठाऊक असतं. हा खर्डा मी कॉलेजातल्या एका सीनियरला पाठवला. तो तिकडे पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होता आणि त्याच्या विभागात अर्जांची पहिली चाळणी करायला विद्यार्थ्यांनाही बसवत. त्याचा फोन आला.

“वाक्य चांगलंय गं, पण मला सांग, वाचणाऱ्याने इथे हसायचं की वाईट वाटून घ्यायचं?”

“दोन्ही.”

“तो एका बैठकीत अर्जांची चळत उपसतोय. दोन्ही करायला त्याला वेळ नाही. आणि ही गाडी काय होती ते कळायला तुला पुढे चार वाक्यं लिहावी लागलीत. तेवढ्यात पहिला परिच्छेद संपला. तुला कशावर काम करायचंय, ते मला अजून माहीत नाही.”

हा मुद्दा मला लगेच पटला. लोकांच्या तहानेवर लातूरची मुलगी विनोद करू शकते, तो तिचा हक्क आहे. पण समोरच्या अनोळखी माणसाला त्यावर हसायचा हक्क वाटत नाही, मग तो अवघडतो. ज्या विनोदाला आधी पार्श्वभूमी सांगावी लागते, तो स्टेटमेंट ऑफ पर्पजच्या सुरुवातीला तर नकोच, कारण तिथे वाचक एकच गोष्ट शोधत असतो: प्रश्न काय आहे? रेल्वे मी तिथून काढली आणि पर्सनल स्टेटमेंटमध्ये नेली. तिथे तिला जागाही होती आणि विनोदाची गरजही उरली नाही. गाडी आली, ती बघायला गर्दी झाली, मी त्या गर्दीत होते, इतकं साधं लिहिलं.

आता जो विनोद राहिला त्याविषयी. नोकरीत मी एका छोट्या शहराच्या पाइपलाइनचं मॉडेल ईपानेटमध्ये बसवत होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर सगळीकडे वापरतात. त्याच्या मूळ पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पाइपात चोवीस तास दाबाखाली पाणी आहे आणि माणसाला लागेल तितकं तो घेतो. आपल्याकडे तसं नसतं. पाणी आठवड्यातून एखाद-दोनदा येतं, मग गरज कितीही असो, जोवर धार आहे तोवर टाकी, पिंप, हंडे, कळश्या सगळं भरलं जातं. म्हणजे कुणाला किती पाणी मिळेल हे गरजेवर ठरत नाही. नळाला दाब किती आणि घरात साठवायला जागा किती, यावर ठरतं. मला पीएचडीत याचंच मॉडेल करायचं होतं. हे समजावणारा माझा परिच्छेद आधी अतिशय रटाळ होता. नंतर मी त्या जागी तीन वाक्यं घातली. मराठीत सांगायचं तर अशी: “मॉडेलमध्ये प्रत्येक घराला प्रत्येक तासाला पाणी मिळत होतं. मी तो नकाशा आईला दाखवला. तिने विचारलं, हे कुठलं गाव?”

हे वाचून सीनियर हसला आणि पुढे म्हणाला, “हे ठेव, याला हात लावू नकोस.” कारण आईचा प्रश्न हाच माझा संशोधनाचा प्रश्न होता. तो काढला तर नुसतं हसू जात नाही, मुद्दाच जातो. इथून मी एक कसोटी ठरवली आणि निबंधातल्या प्रत्येक गमतीदार वाक्याला लावली: वाक्य खोडायचं आणि उरलेला परिच्छेद वाचायचा. काहीच कमी वाटलं नाही तर ते गेलं. यात माझी काही फार लाडकी वाक्यं गेली. एक वाक्य असं होतं की सिव्हिल इंजिनिअरच्या घरातच गळका नळ असतो. खोडल्यावर परिच्छेदाला पत्ताही लागला नाही.

दुसरी परीक्षा वाचणाऱ्यांकडून. खर्डा मी ऑफिसातल्या एका चेन्नईच्या मैत्रिणीला दिला आणि वाचून झाल्यावर कागद परत घेतला. “कसा वाटला” असं विचारलंच नाही, कारण सगळे चांगलाच म्हणतात. विचारलं, “मला कशावर काम करायचंय, सांग.” तिला आई आठवत होती, नकाशा आठवत होता, आणि त्याला धरून ‘रोज पाणी न येणाऱ्या शहरांचं मॉडेल’ हेही तिने बरोबर सांगितलं. त्याआधीच्या खर्ड्यात तिला फक्त रेल्वे आठवली होती. विनोद लक्षात राहिला आणि विषय राहिला नाही, तर तो विनोद विषयाच्या मुळावर उठलाय असं समजावं.

सगळ्यात धोक्याची जागा मात्र वेगळीच आहे: जिथे आपली बाजू लंगडी असते. माझी एम-थ्री राहिली होती. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-तीनबद्दल वेगळं सांगायला नको. कट्ट्यावर आम्ही त्यावर इतके विनोद केलेत की निबंधातही माझ्या हातून आपोआप तसंच उतरलं: एम-थ्रीला माझा सहवास इतका आवडला की तिने मला पुन्हा बोलावलं. मित्रांत ठीक आहे. पण पीएचडीचा अर्ज वाचणारा माणूस गुणपत्रिकेतला तो नापासाचा शेरा बघून निबंधाकडे वळलेला असतो आणि त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: हिला गणित झेपेल का? तिथे विनोद केला की उत्तर टाळल्यासारखं दिसतं. शेवटी मी दोन कोरडी वाक्यं लिहिली. तिसऱ्या सेमिस्टरला विषय राहिला, पुढच्या परीक्षेत सुटला. त्यानंतर न्यूमरिकल मेथड्स आणि हायड्रॉलिक्समध्ये मिळालेले गुण हे असे. एवढंच. नोकरीतला खंड, कमी गुण, मध्येच सोडलेला कोर्स, या सगळ्याला हाच नियम लावावा असं माझं मत आहे.

लॅबमधला फ्लो-मीटर माझ्यापेक्षा वयाने मोठा होता, हे वाक्यही गेलं, पण त्याचं कारण निराळं. शिफारसपत्र देणारे बरेच प्राध्यापक आधी तुमचा एसओपी मागून घेतात. माझ्या सरांनीही मागितला. तो फ्लो-मीटर त्यांनीच खटपट करून मिळवलेला होता. शिवाय परक्या वाचकाला त्यात गंमत दिसत नाही, कॉलेजबद्दलची कुरकुर दिसते.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये थोडं मोकळं होता येतं, आणि मी झाले. नळाला पाणी येण्याआधी पाइपातली हवा बाहेर पडते, नळ फुसफुसतो आणि जुन्या पद्धतीचा मीटर त्या हवेवरही फिरतो. लहानपणी मी मीटरपाशी बसून हे बघायचे: बादली कोरडी आणि काटा पळतोय. मी लिहिलं, “बिल दोन्हींचं येतं.” एका मुलाखतीत प्राध्यापकांनी नेमकं हेच वाक्य उचललं. हसले नाहीत. त्यांनी विचारलं, हवेमुळे मीटर किती जास्त दाखवतो, कधी मोजलंस का? नोकरीत मी काही घरांत बादलीने माप घेऊन मीटरशी ताडून पाहिलं होतं, ते सांगितलं. नसतं पाहिलं, तर त्याच वाक्याने माझी पंचाईत केली असती. गमतीत केलेलं विधानही तिकडे विधान म्हणूनच धरलं जातं.

मला काही ठिकाणी प्रवेश मिळाला, काही ठिकाणी नाही. नकाराच्या पत्रात कारण दिलेलं नसतं, त्यामुळे अमुक वाक्यामुळे जमलं असं मी कुणाला सांगत नाही.

यंदा मावसभाऊ बारावीनंतर तिकडे जायच्या तयारीत आहे. त्याचा सगळा हिशेबच वेगळा. अनेक कॉलेजांना एकत्र चालणारा अर्ज म्हणजे कॉमन ॲप, त्याचा निबंध कमाल ६५० शब्दांचा, आणि तिथे संशोधनाचा प्रश्न नसतो, मुलगा कसा आहे हेच बघायचं असतं. शिकागो विद्यापीठाने तर एकदा चित्रांच्या गर्दीत लपणाऱ्या वॉल्डोला धरून “वॉल्डो खरंच कुठे आहे?” असा विषय दिला होता. तिथे गंभीर चेहऱ्याने लिहिणाराच वेगळा दिसेल. मावसभावाने सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करण्यावर लिहिलंय. पहिल्या खर्ड्यात सगळी गंमत दुसऱ्यांच्या जिवावर होती: दार न उघडणारे काका, सुटे नाहीत म्हणणाऱ्या काकू, आणि वॉचमनची नक्कल. वाचताना हसू आलं, पण मुलगा आगाऊ वाटला. मी त्याला विचारलं, “दार उघडल्यावर तू काय बोलायचास?”

“काही नाही ताई, पावतीपुस्तक पुढे करायचो आणि जमिनीकडे बघायचो.”

“मग ते कुठंय यात?”

आता निबंध तिथून सुरू होतो. वॉचमन अजून आहे, पण नक्कल गेली. कोण कधी घरी असतं हे त्यालाच ठाऊक असायचं, आणि त्याच्याकडून वेळा लिहून घेतल्यावर पावत्या फाटायला लागल्या, असं आलंय. काकूंच्या सुट्या पैशांवर आमचं अजून एकमत नाही. त्याला ते वाक्य हवंय, आणि सध्या त्याच्याकडे अकरा शब्द जास्त आहेत.