चाळीसपैकी पंचवीस

शुक्रवार, रात्री

आज एका विद्यार्थ्याच्या घरी मेल पाठवला. बारा ओळींच्या मजकुराला अख्खी दुपार लागली.

मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भौतिक रसायनशास्त्राचे माझे आठवड्याला चार तास असतात, सोमवारी आणि मंगळवारी सकाळी साडेसातला, गुरुवारी आणि शुक्रवारी साडेनऊला. सत्राचे दहा आठवडे आज संपले. हजेरीपट उघडून मोजले तेव्हा पहिल्या सोळा तासांपैकी तो पंधरा तासांना हजर होता, पुढच्या बारांपैकी सात आणि शेवटच्या बारांपैकी फक्त तीन तासांना. म्हणजे चाळीसपैकी पंचवीस, साडेबासष्ट टक्के. मात्र बुधवारी अकरा वाजता होणाऱ्या दहा प्रात्यक्षिकांपैकी तो एकदाच चुकला आहे.

पहिला मसुदा मी रागात लिहिला होता. ‘आपला पाल्य अलीकडे अत्यंत अनियमित व बेफिकीर झाला असून’ अशी त्याची सुरुवात होती. वाचून पाहिल्यावर जाणवले की त्यात माझे मत तेवढे आहे आणि पालकांच्या हाती काहीच लागत नाही. ‘अनियमित’ वाचून घरात मुलावर आवाज चढेल, पण नेमके काय चुकले हे कोणालाच कळणार नाही. तो मसुदा पुसला आणि वरचे आकडे जसेच्या तसे लिहिले. त्याआधी रासेयोच्या किंवा क्रीडा विभागाच्या कामासाठी त्याला कुठल्या दिवसाची सवलत मिळाली आहे का, हे कार्यालयात विचारून घेतले. एकदा तो हजेरी झाल्यावर वर्गात आला होता आणि ती नोंद दुरुस्त करायची राहून गेली, असे तर नाही ना, हेही पाहिले. तसे काही निघाले नाही.

मेल पाठवण्यापूर्वी त्याला बोलावून घेतले. घरी काय जाणार आहे ते त्याला आधी माहीत असावे, असे मला वाटते. तो बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “मॅडम, ऑगस्टपासून रात्री एका गोदामात पॅकिंगला जातो. घरी माहीत नाही.” साडेसातचे तास का चुकतात ते तिथेच उलगडले, कारण शेवटच्या तीन आठवड्यांत त्या वेळेच्या सहापैकी एकाही तासाला तो आलेला नाही. ही गोष्ट मी मेलमध्ये लिहिली नाही. ती त्याने सांगायची आहे, आणि रविवारपर्यंत सांगतो असे त्याने कबूल केले आहे. मी एवढेच लिहिले की त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे आणि आपण त्याचे म्हणणे आधी शांतपणे ऐकून घ्यावे.

अभ्यासाविषयी काय लिहावे, यावर मात्र रेंगाळले. गेल्या बुधवारी मिथाइल ॲसिटेटच्या जलअपघटनाचा प्रयोग होता. त्याने दर दहा मिनिटांनी अनुमापनाची वाचने नीट घेतली, ब्युरेट हाताळतानाही तो गडबडला नाही. पण लॉगचा आलेख काढायची वेळ आली तेव्हा वही कोरी राहिली. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचे समीकरण शिकवले त्या तासांना तो नव्हता. पालकांना यातली संज्ञा कळणार नाही, म्हणून ‘प्रयोग त्याला चांगला जमतो, परंतु त्यामागचा भाग वर्गात झाला तेव्हा तो अनुपस्थित असल्याने गणित अडते’ असे लिहिले. बुडालेला भाग बुधवारी प्रात्यक्षिकानंतर समजावून देईन, हेही कळवले.

त्यानंतर हिशोब. सत्रात साठ तास होतात आणि पंचाहत्तर टक्क्यांची अट पूर्ण व्हायला पंचेचाळीस लागतात. उरलेले वीसही तास तो बसला तरच पंचवीसचे पंचेचाळीस होतील. एक जरी चुकला तरी त्र्याहत्तर टक्क्यांवर गाडी अडेल आणि त्याचे नाव कमी हजेरीच्या यादीत जाईल. हे मी धमकीच्या सुरात लिहिले नाही, पण मऊही केले नाही, कारण ‘थोडे लक्ष द्यावे’ असे वाचून कोणालाही अजून वेळ आहे असेच वाटेल. शेवटी त्यांना सोयीच्या दिवशी भेटायला येण्याची विनंती केली.

मेल पाठवायला घेतला आणि पत्त्यावर नजर गेली. प्रवेश अर्जातला पालकांचा मेल आयडी मुलाच्याच नावाने होता! असे बऱ्याच अर्जांत असते. सायबर कॅफेवाला एकच आयडी दोन्ही रकान्यांत भरतो. शेवटी वडिलांना फोन केला, हजेरीविषयी मेल पाठवायचा आहे एवढेच सांगितले, आणि त्यांनी थोरल्या मुलीचा आयडी दिला.

साडेआठला तिचे उत्तर आले. ‘बाबांना वाचून दाखवला. मंगळवारी दुपारी आले तर चालेल का?’ मी दोनची वेळ कळवली आहे.