उद्यापासून कंपनीच्या कागदांवर माझी सही नसेल

आज भोसरीच्या आपल्या कारखान्यात सगळ्यांचा निरोप घेतला. गळा दाटून आला आणि महत्त्वाचं बोलायचंच राहिलं, म्हणून इथे लिहितोय.

मशीन शॉपमधल्या पोरांनी विचारलं, "साहेब, आमच्या जुन्या सर्व्हिसचं काय?" नीट वाचा. मी माझे शेअर्स विकलेत, कंपनी तीच आहे. त्यामुळे तुमची सर्व्हिस रुजू झाल्या तारखेपासूनच धरली जाईल आणि ग्रॅच्युइटीही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल, तर २६ ने भागून १५ ने गुणा. एका वर्षाचे १५,००० झाले, १२ वर्षांचे १,८०,०००. "राजीनामा द्या, नव्याने रुजू व्हा" असं कुणी म्हटलं, तर सही करू नका. तिथेच सर्व्हिस तुटते. नव्या मालकांनी सलग सर्व्हिसचं लेखी दिलंय, पत्र नोटीस बोर्डावर आहे. फोटो काढून ठेवा.

सेटिंगनंतरचा पहिला जॉब तुम्ही मला दाखवायला आणायचात, हातात अजून कोमट आणि कूलंटने ओला. त्याची आठवण फार येईल. आता तो क्वालिटीच्या ताईंकडे न्या. त्यांची नजर माझ्याहून तयार आहे.

खंडेनवमीच्या पूजेला मी येणार आहे, बोलावलं नाहीत तरी!