टमाट्यावर आलेला आळ

२०२३च्या पावसाळ्यात महिन्याचे पैसे कुठं गेले असं मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात विचारलं, की उत्तर तयार असायचं: टमाटे. किलोला शंभराच्या खाली यायला ते तयार नव्हते, त्यामुळं आळ घ्यायला आयतेच सापडले. सेलूकडच्या एका सहा माणसांच्या घरातही कर्त्या मुलानं तेच म्हटलं, "आई, टमाट्यानंच घर खाल्लं बघ." नातवंडांची आजी झालेल्या त्या आईनं वाद घातला नाही. वही काढली.

ही वही म्हणजे लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे आणि रोज रात्री डब्यातली रोकड मोजून खाली शिल्लक. आजीचा महिना पगाराच्या तारखेनं चालत नाही, तो अमावस्येपासून अमावस्येपर्यंत. म्हणून या हिशेबाचं पान १८ जुलैला उघडतं आणि १६ ऑगस्टला मिटतं. पंचांगात हाच अधिक श्रावण, आपल्याकडचा धोंड्याचा महिना. अर्धं उत्तर या तारखांतच आहे, पण ते पुराव्यानिशी काढायला हवं.

आधी टमाट्याचा निकाल लावू. भाजीचा खर्च १,७४० रुपये. त्यात टमाटे सहा वेळा आले, दर वेळी पाव किलो, चाळिसापासून तीस रुपयांपर्यंत. बेरीज २१०. महाग झालेली वस्तू माणूस आपसूकच कमी आणतो, चिंच-आमसुलावर भागवतो, पण तिचा भाव मात्र दिवसभर बोलत राहतो. ज्याच्याबद्दल घरात सगळ्यात जास्त बोललं जातं तोच खर्च सगळ्यात मोठा असतो, असं वहीत क्वचितच निघतं.

मग मोठा आकडा कोणता? वरवर पाहिलं तर किराणा, ५,८५०. इथं घाई केली की फसायला होतं. त्यातले २,९०० आषाढातल्या उधारीचे. माल गेल्या महिन्यात खाल्ला, पैसे या महिन्यात दिले. उलट या महिन्यात आणलेल्या मालाचे १,६०० दुकानदाराच्या वहीत अजून उभेच आहेत. आजी ही उधारी मागच्या पानावर वेगळी मांडते. रोकडीची वही फक्त डब्यातून काय गेलं ते सांगते, घरानं काय वापरलं ते सांगत नाही. मागचं पान नसेल तर ती प्रामाणिकपणे खोटं बोलते.

आजीची खरी करामत नोंदीच्या शब्दांत आहे. ती नुसतं 'साडी १,६००' लिहीत नाही, 'साडी, नातीला' लिहिते. 'हरभरा डाळ २ किलो, धोंड्याला.' वस्तू काय हे तर कळतंच, पण कुणापायी आली हेही कळतं. त्यामुळं अमावस्येला तीच पानं दुसऱ्यांदा बेरजेला घेता येतात, या वेळी वस्तूंच्या नव्हे, कारणांच्या हिशेबानं.

अशी बेरीज घेतली तेव्हा चार ठिकाणी विखुरलेला खर्च एका जागी आला. घरात दोन जावई: थोरल्या लेकीचा नवरा आणि गेल्या वर्षी लग्न झालेला नातजावई. दोन्ही जोडप्यांचे कपडे शिलाईसह ५,७००. नातजावयाचा पहिलाच धोंडा, म्हणून चांदीचं निरांजन, ४० ग्रॅम, मजुरीसह ३,३००. किराण्यात मिसळलेलं धोंड्याचं सामान १,०५०. ओटी, वाटखर्च आणि दक्षिणा मिळून १,२५०. (लेकीबाळींना एसटीचं तिकीट मार्चपासून अर्धं झालं होतं, जावयांना पूर्णच. तेवढीच काय ती बचत.) एकूण ११,३००. मुलाच्या डोक्यात धोंडा म्हणजे 'एक दिवसाचं पुरणाचं जेवण', कारण पैसे कधीच एकदम गेले नव्हते. सोनाराला एका दिवशी, कापडवाल्याला दुसऱ्या आठवड्यात, शिंप्याला तिसऱ्या.

आणि एक खर्च तर नावे बाजूला सापडतच नाही. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, दोघांचे सहासष्ट. एका अनारशाला तीसेक ग्रॅम पीठ धरलं तर किलोभर तांदूळ आणि किलोभर गूळ. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर ओलसरपणा राहील एवढेच सुकवायचे, कुटून बारीक चाळायचे, गुळात मळून चार-पाच दिवस मुरवायचे. गूळ जास्त झाला किंवा पिठात ओल जास्त राहिली की अनारसा कढईत हसतो, म्हणजे तुपात विरघळून पसरतो. त्या सगळ्याला पैसे लागले ते तांदूळ, गूळ, खसखस एवढ्याचेच. तळायला किलोभर तूप लागलं, पण ते घरचं. वहीत त्याची ओळच नाही.

ते तूप जमेच्या पानावर सापडतं, कमी झालेल्या आकड्यात. आषाढात डेअरीला ८० लिटर दूध गेलं होतं, लिटरला ४५ प्रमाणे ३,६०० आले. या महिन्यात फक्त ५५ लिटर, म्हणजे २,४७५. किलोभर तुपाला म्हशीचं पंधरा-सोळा लिटर दूध लागतं, उरलेलं पाहुण्यांच्या चहात आणि खिरीत गेलं. १,१२५ रुपये असे डब्यात आलेच नाहीत. घरचं म्हणजे फुकट, हा समज मोडायला जमेची दोन महिन्यांची पानं शेजारी ठेवावी लागतात.

आता ताळा. सुरुवातीची शिल्लक ३,१२५, पगारातून १८,०००, दुधाचे २,४७५ आणि जावेकडून हातउसने ५,०००. जमा २८,६००. खर्च २७,४६०. शिल्लक १,१४०. मुलानं हा आकडा पाहून सुस्कारा सोडला, कारण हातउसने जमेत धरले की तेही कमाईसारखेच दिसतात. आजीनं खाली पेन्सिलनं दुसरी ओळ लिहिली. महिन्याच्या आरंभी उधारी वजा जाता घराचे स्वतःचे २२५ होते. आता शिल्लक १,१४०, देणं ६,६००. घर ५,४६० नं खाली. म्हणजे महिन्यात ५,६८५ ची घट. धोंड्याचे ११,३०० काढून ठेवले तर तोच महिना ५,६१५ नं वर राहिला असता.

'किरकोळ'चे १,२६० तेवढे संशयास्पद वाटतात. त्यातले तीनशे एकाच रात्री, गोल आकड्यात. असा गोल आकडा दिसला की समजावं, रोकड जुळेना म्हणून तो घातलाय. आजीनं त्याच्यापुढं फुली मारली, कारण शोधायला तिला वेळ नव्हता आणि माझ्या मते तेवढं चालतं.

उसने निज श्रावणात फिटले. मागच्या पानावर मात्र एक नवी ओळ आली. पुढचा अधिक महिना ज्येष्ठाचा, १७ मे २०२६ला लागणार होता, म्हणजे तेव्हा हाती तेहतीस महिने होते. चांदी पुन्हा लागणार नाही, राहिले ८,०००. महिन्याला अडीचशे पुरतात, पण कापडाचा भाव तोवर तिथंच थांबायचा नाही, म्हणून तिनं तीनशे लिहिले. घरच्या डब्यात नाही, बचत गटात, कारण डब्यातले कुणीही मागतं.