जाईच्या मूत्राशयातले खडे आणि आमचे सोळा आठवडे

जाई ही आमची ६ वर्षांची गावठी कुत्री. वजन १४ किलो, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली. मागच्या वर्षी जून महिन्यात ती अंगणात एकाच फेरीत सात-आठ वेळा खाली बसू लागली, तेव्हा घरातल्या सर्वांना आधी बद्धकोष्ठाची शंका आली आणि सासूबाईंनी तिच्या भातात चमचाभर तूपही घातले. माझाही तसाच समज होता. मात्र दुसऱ्या दिवशी नीट पाहिल्यावर लक्षात आले की शौचाला बसताना तिची पाठ कमानीसारखी वाकते, तशी ती या वेळी वाकत नव्हती. ती मागचा भाग अगदी जमिनीला टेकवून लघवीच्याच पवित्र्यात बसत होती, बराच वेळ जोर करत होती आणि थोडे चालून पुन्हा बसत होती. त्या संध्याकाळी गॅलरीतल्या पांढऱ्या फरशीवर तिने पाच-सहा थेंब टाकले. पहिले पिवळसर होते, शेवटचे दोन डाळिंबाच्या पाण्यासारखे गुलाबी. लघवीच्या शेवटी रक्त उतरणे हे बहुधा मूत्राशयाच्या दुखण्याचे लक्षण असते, हे मला पुढे डॉक्टरांकडून समजले.

घराजवळच्या दवाखान्यात लघवी तपासली, जंतुसंसर्ग असल्याचे सांगण्यात आले आणि सात दिवसांचे अँटिबायोटिक मिळाले. तिसऱ्या दिवशी रक्त थांबले, जोर करणेही थांबले. गोळ्या संपल्यावर आठव्या दिवशी सगळे पुन्हा सुरू झाले. पहिल्या खेपेला एक्स-रे न काढणे ही मोठी चूक होती असे मी म्हणणार नाही, कारण मादी कुत्र्यांमध्ये साधा संसर्ग पुष्कळदा होतो आणि औषधाने बराही होतो. परंतु औषध बंद करताच तोच त्रास परत आल्यावर तेच औषध आणखी दहा दिवस घ्या असे सांगण्यात आले, ते मला पटले नाही आणि आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

तेथे आधी एक्स-रे झाला. मूत्राशयाच्या जागी चार पांढऱ्या सावल्या स्पष्ट दिसत होत्या. एक सुपारीएवढी, मोजल्यावर २१ मिलिमीटर, आणि तीन हरभऱ्याएवढ्या. त्यानंतर लघवीचा नमुना घेतला, पण वाटीत धरून नव्हे. बाहेर येताना लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात आणि कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल फसवा ठरतो, म्हणून सोनोग्राफीत पाहत पोटातून थेट मूत्राशयात बारीक सुई घालून लघवी काढतात. मी जाईचे पुढचे पाय धरून तिच्या कानाशी बोलत राहिले. ती एकदाच दचकली, आणि पाच मिलिलिटर लघवी सिरिंजमध्ये आली. आधीच्या गोळ्या संपून आठवडा उलटला होता, हे त्या दृष्टीने बरे झाले. अँटिबायोटिक चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि संसर्ग नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

तीन दिवसांनी कल्चर आले. स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमिडियस नावाचा जंतू सापडला. हा कुत्र्यांच्या त्वचेवर नेहमीच राहणारा जंतू आहे. मला आश्चर्य वाटले ते पुढच्या ओळीचे, कारण पहिल्या दवाखान्याने दिलेले अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड हेच औषध त्यावर लागू पडत होते. म्हणजे औषध चुकले नव्हते. जंतू खड्याच्या थरांत दडून बसले होते, तेथवर औषध पोहोचत नव्हते, आणि गोळ्या थांबताच ते पुन्हा लघवीत पसरत होते.

खडा तयार कसा झाला, हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवले. लघवीत युरिया असतो. या जंतूकडे तो फोडणारे युरिएज नावाचे विकर असते. युरिया फुटला की अमोनिया तयार होतो, लघवी आम्लधर्मी राहण्याऐवजी अल्कधर्मी होते, आणि अशा लघवीत मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन स्फटिक बनतात. त्यांचा खडा म्हणजे स्ट्रुव्हाइट. जाईच्या लघवीचा पीएच ८ होता. मांजरांमध्ये स्ट्रुव्हाइट बहुधा संसर्गाशिवाय होतो, कुत्र्यांमध्ये मात्र बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी संसर्ग असतो. म्हणून कुत्र्याला नुसता विशेष आहार देऊन किंवा नुसते अँटिबायोटिक देऊन भागत नाही, दोन्ही एकत्र चालवावी लागतात.

खडा स्ट्रुव्हाइटच आहे हे न काढता खात्रीने सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट बजावले. मादी कुत्री, युरिएज असणारा जंतू, अल्कधर्मी लघवी आणि एक्स-रेत ठळक दिसणारे गुळगुळीत खडे, या सर्वांवरून केलेला तो दाट अंदाज होता. दुसरा नेहमी आढळणारा प्रकार कॅल्शियम ऑक्सलेटचा. तोही एक्स-रेत दिसतो, पण कोणत्याही आहाराने विरघळत नाही आणि काढावाच लागतो. लघवीत स्फटिक दिसले म्हणून खडा त्याच प्रकारचा असे धरता येत नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात तर स्फटिक आपोआपही तयार होतात. म्हणून ठरले असे की चार आठवडे प्रयत्न करायचा, पुन्हा एक्स-रे काढायचा, आणि खडे लहान झाले नसतील तर शस्त्रक्रिया करायची. ‘ताई, नर असता तर मी इतका निवांत बोललो नसतो,’ असे ते म्हणाले. नराची मूत्रनलिका अरुंद असते, शिश्नातल्या हाडापाशी तिला ताणायला जागा नसते, आणि लहान झालेला खडा तेथे अडकला तर लघवी पूर्ण बंद होते. कुत्रा जोर करतो आहे आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा लागतो. मादीलाही असे होऊ शकते, फक्त तिची नलिका रुंद आणि आखूड असल्याने धोका कमी असतो.

आता आहाराविषयी. खडे विरघळवण्याचे तयार अन्न डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. त्यात प्रथिने कमी असतात म्हणजे युरिया कमी तयार होतो, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस कमी असतात म्हणजे खड्याला कच्चा माल मिळत नाही, आणि मीठ मुद्दाम थोडे जास्त असते म्हणजे जनावर पाणी जास्त पिते व लघवी पातळ होते. त्यात चरबीही बरीच असते. त्यामुळे स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्या, मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असलेल्या, गाभण किंवा वाढत्या वयाच्या कुत्र्याला ते चालत नाही. जाईची रक्ततपासणी नीट आल्यावरच ते सुरू केले. सात दिवसांत जुने अन्न कमी करत नवे वाढवले, आणि प्रत्येक वाटीत कोमट पाणी घालून ते खिचडीसारखे सैल केले. पूर्वी ती दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी पीत असे. आता अन्नातले धरून लिटरभर जाऊ लागले. रात्री दोनदा तिला बाहेर न्यावे लागे. लघवीची घनता १.०४२ वरून १.०१६ वर आली.

चौथ्या आठवड्याच्या एक्स-रेत मोठा खडा १५ मिलिमीटर झाला होता आणि लहानांपैकी एक दिसतच नव्हता. मला त्या दिवशी फार हलके वाटले.

आठव्या आठवड्यात मात्र तो १४ वरच होता. लघवीचे कल्चर स्वच्छ होते, म्हणजे संसर्ग उलटला नव्हता. डॉक्टरांनी रक्तातला युरिया पाहिला. कमी प्रथिनांच्या आहारावर तो चौथ्या आठवड्यात चांगला उतरला होता, आता पुन्हा सुरुवातीच्या पातळीजवळ होता. ते शांतपणे म्हणाले, ‘हिला घरात कुठून तरी प्रथिने मिळत आहेत.’ घरी विचारल्यावर सासूबाईंचे डोळे भरून आले. दुपारी मी कामावर असताना त्या तिला दुधात कुस्करलेली भाकरी आणि कधी उकडलेल्या अंड्याचा बलक देत होत्या, कारण ‘ते डब्यातले खाणे तिच्या अंगी लागत नाही’ असे त्यांना वाटत होते. मी त्यांना दोन्ही एक्स-रे खिडकीपाशी धरून दाखवले आणि सुपारीचा आकार बोटाने समजावला. त्यानंतर जाईची दुपारची वाटी त्यांच्याच हातात दिली, तेच अन्न, त्यांच्या हाताने. त्या दिवसापासून घरात एक घासही चुकला नाही. शेजारच्यांनी सुचवलेले गोखरूचे आणि पाषाणभेदाचे काढे मी नम्रपणे नाकारले. ते स्ट्रुव्हाइट विरघळवतात असा भरवशाचा पुरावा डॉक्टरांच्या माहितीत नव्हता, आणि चालू उपचारांत आणखी काही मिसळले तर कशाचा परिणाम काय हे कळले नसते.

अँटिबायोटिक किती दिवस द्यावे याबाबत पशुवैद्यकांत दोन मते आहेत. खडा विरघळताना त्यातले जंतू मोकळे होतात म्हणून शेवटपर्यंत द्यावे, असे एक मत. कमी दिवस पुरतात आणि उगाच लांबवल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, असे दुसरे. आमच्या डॉक्टरांनी खडे असेपर्यंत औषध चालू ठेवले आणि दर महिन्याला कल्चर केले.

बाराव्या आठवड्यात एक्स-रे कोरा आला आणि सोनोग्राफीतही काही दिसले नाही. तरीही आहार आणखी चार आठवडे चालू ठेवला, कारण एक्स-रेत न दिसण्याइतके बारीक कण मागे राहिले असण्याची शक्यता असते आणि त्यांच्यावरच पुन्हा थर चढतात. सोळाव्या आठवड्यानंतर तो बंद करून तिला नेहमीचे जेवण दिले. हे अन्न जन्मभर द्यावे लागेल असे मी धरून चालले होते, पण संसर्गातून झालेल्या स्ट्रुव्हाइटसाठी त्याची गरज सहसा नसते. पुढे संसर्ग वेळेत पकडणे महत्त्वाचे असते. जाईच्या योनीमुखावर त्वचेची एक घडी आहे, तेथे ओल राहते. तो भाग आम्ही रोज ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडा करतो, आणि वजन वाढून ती घडी जाड होऊ नये म्हणून तिचे जेवण मोजून देतो.

पहिले तीन महिने दर महिन्याला आणि आता दर तीन महिन्यांनी कल्चर होते. मधल्या काळात मी सकाळच्या पहिल्या लघवीखाली लांब दांड्याची पळी धरते आणि पीएचची पट्टी बुडवते. कालची पट्टी ६.५ दाखवत होती.